उसवलंय की फाटलंय?

इंग्रजीच्या शिकवणीत पहिल्या वर्षी मी म्हणी शिकवायचे त्या फळ्यावर दोन रकाने आखून. डावीकडे म्हण, उजवीकडे अर्थ. 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन' हिच्यासमोर लिहिलं होतं, 'वेळीच घातलेला एक टाका पुढचे नऊ टाके वाचवतो'. मुलांनी उतरवून घेतलं, पाठ केलं. मग 'वाक्यात उपयोग करा' म्हटल्यावर नववीतल्या एकाने लिहिलं: माझा मित्र नापास झाला, तेव्हा मी त्याला म्हणालो, अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन. व्याकरणात एकही चूक नाही. तरीही वाक्य चुकलेलं, आणि ते का चुकलं हे मला त्याला धड सांगता येईना. अर्थ तर त्याला तोंडपाठ होता.

आता नव्याने शिकवायला लागलेलं कुणी विचारतं तेव्हा मी या एकाच म्हणीबद्दल सांगते. हिच्यावर माझ्या जेवढ्या चुका झाल्या, तेवढ्या दुसऱ्या कुठल्याच म्हणीवर झाल्या नाहीत.

आधी शब्दांच्या खाचा. मराठीत 'वाचवणे' हे क्रियापद बुडणाऱ्यालाही वाचवतं आणि पैसेही वाचवतं. त्यामुळे 'सेव्ह्ज नाइन' म्हणजे नऊ जणांचा जीव वाचला, असं समजणारं पोर दरवर्षी एखादं तरी निघतंच. नऊ काय, हे म्हणीत सांगितलेलंच नाही. 'टाके' हा शब्द गाळलाय, तो आपण भरून वाचायचा. दुसरी खाच 'इन टाइम'ची. आपण दोन्हीकडे 'वेळेवर' म्हणून मोकळे होतो. पण गाडी ठरल्या मिनिटाला आली तर ती 'ऑन टाइम', आणि गाडी सुटायच्या आत आपण पोचलो तर आपण 'इन टाइम'. या म्हणीत घड्याळाची वेळ नाही, उशीर होण्याआधीची वेळ आहे. म्हणून अर्थात 'वेळेवर' न लिहिता 'वेळीच' लिहायला लावावं. त्या एका 'च'मध्ये अर्धी म्हण आहे.

'मॅडम, नऊच का? दहा का नाही?' हा प्रश्न येणारच. पहिल्यांदा आला तेव्हा मी एक टाका न घातल्याने रोज किती उसवेल याचं खोटंखोटं गणित फळ्यावर मांडलं होतं. आजही आठवलं की लाज वाटते. उत्तर साधं आहे: टाइम आणि नाइन हे कानाला जुळतात. आपल्या 'अति तिथे माती'मध्ये मातीचं जेवढं काम, तेवढंच तिथे नऊचं. थॉमस फुलरने १७३२ साली छापलेल्या म्हणींच्या संग्रहात ही म्हण आहे, आणि तिथे ती 'मे सेव्ह नाइन' अशी आहे, म्हणजे 'वाचवू शकतो'. पुढे बोलण्यात ते 'मे' गळून पडलं. मला स्वतःला जुनं रूप जास्त प्रामाणिक वाटतं.

पण माझा नापास मित्रवाला प्रश्न सुटला तो पुस्तकामुळे नाही, आईमुळे. दप्तराचा पट्टा दाखवून मी म्हटलं, 'हे फाटलंय.' आई म्हणाली, 'फाटलं कुठंय, उसवलंय नुसतं. आण इकडे.' तिथे डोक्यात उजेड पडला. उसवणं म्हणजे कापड धड आहे, फक्त शिवण सुटतेय. फाटणं म्हणजे कापडच गेलं, आता ठिगळ. ही म्हण उसवण्याची आहे, फाटण्याची नाही.

तेव्हापासून वर्गात सुई-दोरा नेते. जुन्या कापडाच्या दोन पट्ट्या घेऊन त्यांवर दहा टाक्यांचा धावदोरा घालते, मधला एक टाका कात्रीने तोडते आणि पट्ट्या बाकावरून फिरवते. प्रत्येकाने थोडंसं ओढायचं. शेवटच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर तुटलेल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंचे दोरे सैल होऊन फट पडलेली असते. मी एकच सूचना देईन: यासाठी शिवणयंत्राची टीप वापरू नका. ती पक्की असते, एक टाका तुटल्याने लगेच सुटत नाही, आणि मग पोरं म्हणतात, 'कुठे काय झालं?' माझं एकदा झालंय तसं.

पट्टी फिरून आली की तीन प्रश्न विचारायचे. बिघाड सुरू झालाय का? सोडून दिला तर तो आपोआप वाढेल का? आणि आत्ता थोडक्यात आवरेल का? तिन्हींना 'हो' आलं तरच ही म्हण.

आता प्रसंग घालून बघा. मे महिन्यात छपराचं एक कौल सरकलंय, पाऊस यायचाय. तिन्ही हो. दाढेला बारीक कीड लागलीय, आज नुसतं भरून भागेल, नंतर रूट कॅनाल. तिन्ही हो. हेल्मेट घालून निघणं? इथे वर्ग हमखास 'हो' म्हणतो आणि इथेच थांबायचं, कारण अजून काही बिघडलेलंच नाही. ती जागा 'अ‍ॅन आउन्स ऑफ प्रिव्हेन्शन'ची, म्हणजे आधीच घेतलेल्या थोड्या काळजीच्या म्हणीची, जी बेंजामिन फ्रँकलिनने १७३५ साली फिलाडेल्फियात आगीपासून सावध राहण्याबद्दल लिहिताना वापरली होती. आंब्याला आज भाव चांगला आहे, आजच विकून टाकू? ती संधी आहे, बिघाड नाही. तिथे तापलेल्या लोखंडाची म्हण. आणि मित्र नापास झाला? तिथे शिवण उरलेलीच नाही. पहिल्या चाचणीत गणितात कमी पडले तेव्हा हे वाक्य बोलायचं होतं.

मराठी जोडी देतानाही हाच घोळ होतो. बरेच जण 'तहान लागल्यावर विहीर खणणे' लिहून देतात. पण ती आधी तयारी न करणाऱ्याला मारलेला टोमणा आहे, आणि विहीर खणणं हे काही एका टाक्याचं काम नाही. 'वरातीमागून घोडे' तर सगळं उरकल्यावरचं. मला जवळची वाटते ती 'आभाळ फाटल्यावर ठिगळ लावणार कुठे', पण तीही समान अर्थाची नाही. इंग्रजी म्हण जिथे संपते, तिथे ती सुरू होते. मी दोन्ही शेजारी लिहिते, मधे बरोबरचं चिन्ह न घालता.

राहिला प्रश्न, कुणाला म्हणायचं. एका सहकाऱ्याच्या गाडीचं इंजिन ऑइल न बदलल्याने जाम झालं होतं. बिल हातात घेऊन ते बसले होते आणि मी मोठ्या उत्साहात म्हण टाकली. त्यांनी बिलाची घडी घातली, खिशात ठेवली आणि उठून गेले. ज्याचं नऊ टाक्यांचं काम निघालंय, त्याला ही म्हण ऐकवणं म्हणजे डागणी. ती स्वतःबद्दल बोलताना बरी, किंवा टाका अजून घालता येतोय तेव्हा. आणि पूर्ण म्हणायची गरज नसते. इंग्रजी बोलणारे बऱ्याचदा 'अ स्टिच इन टाइम' एवढंच म्हणून सोडून देतात.

यंदा मी 'वाक्यात उपयोग करा'च्या जागी 'कुणी, कुणाला, कधी म्हटलं ते लिहा' असं दिलं. एका मुलीने लिहिलं: आजोबा आणि काका दिवाळीपासून बोलत नाहीत. परवा आजी काकाला फोनवर म्हणाली, गणपतीला ये, अजून नुसतं उसवलंय.

म्हण तिने इंग्रजीत लिहिलीच नव्हती. गुण किती द्यायचे, यावर मी बराच वेळ पेन धरून बसले होते.