साहेबांना वर्षअखेरीचं आभारपत्र: एकच सूचना धरा

‘आपल्या मार्गदर्शनामुळे खूप शिकायला मिळालं’ हे वाक्य कुठल्याही साहेबांना चालतं, म्हणून ते कुणालाच भिडत नाही. पत्र लिहिण्याआधी वर्षभराची डायरी किंवा व्हॉट्सॲप चाळा आणि साहेबांनी दिलेली एकच सूचना शोधा, जिच्यामुळे तुमची कामाची पद्धत बदलली. टोचलेली असेल तर उत्तमच.

मग चार गोष्टी ओळीने लिहा: सूचना कधी दिली, आधी काय चुकत होतं, तुम्ही काय बदललं, आज काय दिसतं. जळगावच्या डाळमिलमध्ये डिस्पॅच बघणारा असं लिहील:

‘सर, जूनमध्ये तुम्ही म्हणालात, “कट्टे गाडीत चढल्यावर मोजू नको, थप्पीवरच मोज.” तोवर मोजणीत एखाददुसरा कट्टा चुकायचा आणि व्यापाऱ्याचा फोन आला की मी हमालांवर ढकलायचो. आता थप्पीवर मोजून ड्रायव्हरची सही घेतो. दिवाळीच्या गर्दीतही एकही तक्रार आली नाही. चूक माझ्या पद्धतीत होती, हे तुम्ही चारचौघांत न सांगता बाजूला घेऊन सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार.’

शेवटचं वाक्य गाळू नका. सूचना कशी दिली, हे साहेबांना सहसा कुणी सांगत नाही. आकडा मात्र रजिस्टरमध्ये सापडेल तोच लिहा.

पगारवाढ, बदली किंवा रजेचा विषय या पत्रात आणू नका. एक ओळ जरी आली तरी वरचं सगळं अर्जाची प्रस्तावना वाटतं.