ग्राहक खरंच विचारतात ते प्रश्न लिहा

घरपोच हापूस विकणाऱ्यांच्या ‘नेहमीचे प्रश्न’ पानावर बहुतेक वेळा ‘आमची वैशिष्ट्ये कोणती?’ असले प्रश्न असतात. असं कुणीही विचारत नाही. ती जाहिरात आहे, सरळ काढून टाका.

मग गेल्या हंगामातलं व्हॉट्सअ‍ॅप उघडा आणि ग्राहकांची वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवा. फोन घेणाऱ्या माणसालाही विचारा, कारण चिडलेला ग्राहक मेसेज न करता थेट फोन करतो. पेटी पोचल्यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘आंबे हिरवे आणि कडक आहेत, कच्चे पाठवलेत का?’ शीर्षक हेच ठेवा. ‘फळांच्या पक्वतेबाबत’ असं शोधायला कुणी जात नाही.

उत्तराचं पहिलं वाक्य थेट हवं: ‘हो, आंबे तयार पण न पिकलेले पाठवतो, घरी काही दिवसांत पिकतात.’ कसे ठेवायचे ते त्यानंतर: गवतात किंवा कागदात, एका थरात, पिकेपर्यंत फ्रिजबाहेर.

अडचणीचा प्रश्न टाळू नका. हापूसमध्ये साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, निघतो आणि तो बाहेरून दिसत नाही, हे स्पष्ट लिहा. कापलेल्या फळाचा फोटो किती दिवसांत पाठवायचा, पैसे मिळणार की बदली फळ, तेही लिहा. ‘योग्य तो निर्णय घेऊ’ एवढ्यावर भागवलंत तर फोन येणारच.

पान बदलल्यावरही तोच प्रश्न येत राहिला, तर ते उत्तर पेटीतल्या चिठ्ठीवर छापा. पेटी उघडताना वेबसाइट कोण बघतं?