पड जमीन उठवण्याआधी जुना उतारा आणि माती परीक्षण एकत्र वाचावे

खानापूर आणि बेळगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात अनेक घरांची एखादी जमीन वर्षानुवर्षे पड राहिलेली असते. यंदाच्या खरिपात ती लागवडीखाली आणायची असेल, तर वळवाचा पहिला पाऊस होण्याआधीचे, माती कोरडी असतानाचे दिवस सर्वांत मोलाचे आहेत. या दिवसांत बहुतेक शेतकरी रानमोडी तोडून पेटवतात आणि थेट नांगर घालतात. खानापूर तालुक्यातील एका घरातील नातीने त्याआधी दोन कामे केली आणि तिची रीत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

पणजोबांच्या नावावरील ही जमीन आजीच्या उमेदीच्या काळातच पिकायची थांबली होती. नातीने नाडकचेरीतून चालू पहाणी काढली. तिच्यावर एकूण क्षेत्र 1 एकर 28 गुंठे, पोटखराबा 6 गुंठे आणि पीक म्हणून पड अशी नोंद होती. एवढ्यावरून लागवडीयोग्य 62 गुंठे कळतात, पण त्या 62 गुंठ्यांत काय काय दडले आहे ते कळत नाही. आजीच्या ट्रंकेत 1956 पूर्वीचा, म्हणजे हा भाग मुंबई राज्यात असतानाचा सात-बारा होता. त्याच्या पीकपाहणीच्या रकान्यात दरवर्षी 26 गुंठे भात आणि उरलेल्या क्षेत्रात नाचणी किंवा वरी असे लिहिलेले होते. घरात असा कागद नसेल, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात सर्व्हे क्रमांक देऊन जुन्या उताऱ्याच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज करता येतो. हिस्से पुढे पडले असतील, तर अर्जात मूळ सर्व्हे क्रमांक लिहावा, कारण जुना कागद त्याच क्रमांकाखाली असतो.

ही नोंद माती परीक्षणासाठी कळीची ठरली. भात खालच्या, पाणी थांबणाऱ्या खाचरात होत असणार आणि नाचणी वरच्या उतारावर, हे उघड होते. मात्र गवत व झुडपे वाढल्यामुळे जमिनीवर खाचराचा बांध दिसेनासा झाला होता. म्हणून तिने भूमापन खात्यातून जुने टिपण मिळवले. टिपणातील मापे साखळी आणि आण्यांत असतात. एक साखळी म्हणजे 33 फूट आणि तिचे 16 आणे, तर एक गुंठा म्हणजे एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा. हा हिशेब कळला की साध्या टेपनेही अंदाज घेता येतो. आजीने दाखवलेल्या कोपऱ्यातील दगडापासून फूट मोजत गेल्यावर झुडपांखाली जुन्या बांधाची दबलेली रेघ सापडली. उत्तरेकडची बाजू टिपणात 5 साखळी 8 आणे, म्हणजे साधारण 181 फूट होती, तर जागेवर ती 170 फुटांच्या आसपास भरली. शेजाऱ्यांशी वाद न घालता तिने हद्दबस्त मोजणीचा अर्ज दिला आणि तो निकाली निघेपर्यंत त्या पट्ट्यात नांगर घातला नाही. टेपची मोजणी स्वतःच्या माहितीपुरती असते आणि हद्द ठरवण्याचे काम सरकारी मोजणीदाराचेच आहे.

मातीचे नमुने तिने रानमोडी जाळण्याआधी घेतले. राख पडलेल्या जागी आम्ल घटलेले आणि पालाश वाढलेले दिसते, त्यामुळे तिथला नमुना संपूर्ण शेताबद्दल चुकीचे सांगतो. खाचर आणि उतार यांचे नमुने वेगवेगळे ठेवले. प्रत्येक भागात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी वरचे गवत बाजूला सारले, इंग्रजी व्ही अक्षरासारखा 15 सेंटिमीटर खोल खड्डा घेतला आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती काढली. झाडाखालची, बांधालगतची आणि जुन्या उकिरड्याची जागा टाळली. प्रत्येक भागाची माती एकत्र कालवून, चार वाटे करून समोरासमोरचे दोन वाटे टाकत अर्धा किलोवर आणली, सावलीत सुकवली आणि कापडी पिशवीत भरून रयत संपर्क केंद्रात दिली. खताच्या रिकाम्या पोत्यावर माती पसरू नये, कारण तिथला कणभर खतही अहवाल बिघडवतो.

अहवालात खाचराचा सामू 5.9 आला, तर उताराचा 5.1. दोन्ही भाग एकत्र मिसळले असते, तर साडेपाचच्या आसपासचा एकच आकडा मिळाला असता. त्यावरून खाचरात विनाकारण चुना पडला असता आणि उताराला तो अपुरा झाला असता. पश्चिमेकडच्या जास्त पावसाने लाल मातीतील चुना धुपून जातो आणि आम्लता वाढली की लोह व अॅल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात. म्हणूनच उताराच्या नमुन्यात उपलब्ध स्फुरद फारच कमी होता. प्रयोगशाळेने उतारासाठी एकरी 4 क्विंटल शेतीचा चुना सांगितला, म्हणजे 36 गुंठ्यांना 3.6 क्विंटल. चुन्याची ही मात्रा प्रत्येक मातीची वेगळी असते, म्हणून शेजाऱ्याचा आकडा उचलू नये. चुना पेरणीआधी तीन-चार आठवडे पसरून मातीत मिसळावा. शेणखत, युरिया किंवा सुपर फॉस्फेट त्याच वेळी टाकू नये, कारण पहिल्या दोहोंतील नत्र उडून जाते आणि तिसऱ्यातील स्फुरद पिकाला मिळेनासा होतो. उताराला पूर्ण उदासीन करण्याचा हट्टही धरू नये. नाचणी आणि रताळी बऱ्यापैकी आम्लता सोसतात आणि पणजोबांनी तिथे नाचणी घेण्यामागे बहुधा हाच अनुभव होता. आम्ल मातीत रॉक फॉस्फेट हळूहळू विरघळून उपयोगी पडते, म्हणून उतारासाठी तिने तेच घेतले.

खाचरात उणीव होती ती जस्ताची. तिथे एकरी 10 किलोच्या हिशेबाने साडेसहा किलो झिंक सल्फेट चिखलणीच्या वेळी देण्याचा सल्ला मिळाला. ते स्फुरदयुक्त खतात मिसळून देऊ नये.

अहवालातील एक चांगला आकडा मात्र फसवा असतो. दोन्ही भागांत सेंद्रिय कर्ब 0.9 टक्के होता, जो भरपूर समजला जातो. तो वर्षानुवर्षे कुजलेल्या गवताचा आहे आणि त्याच्या भरवशावर नत्र लगेच कमी करणे धोक्याचे आहे. ताजे गवत आणि मुळ्या मातीत गाडल्या की त्या कुजवणारे जिवाणू आधी मातीतले नत्र खातात आणि रोपे सुरुवातीला पिवळी पडतात. म्हणून वळवाच्या पहिल्या पावसानंतर नांगरट करून तीन-चार आठवडे जमीन तशीच कुजू द्यावी. लावणीनंतरही खालची पाने एकसारखी पिवळी पडली, तर नत्राचा हप्ता लांबवू नये. पाने मधोमध फिकट होऊन त्यांवर तांबूस ठिपके दिसले, तर ती जस्ताची उणीव असते आणि युरिया वाढवून ती भरून निघत नाही.

कागदाचे एक काम अजून राहते. पहाणीवर पणजोबांचेच नाव असल्याने या घराची फ्रूट्स ही सरकारी शेतकरी नोंदणी होत नव्हती आणि ती नसल्याने सवलतीचे सूक्ष्म अन्नद्रव्यही मिळेना. त्यासाठी वंशावळ आणि मृत्यूचे दाखले जोडून नाडकचेरीत वारसा नोंदीचा अर्ज द्यावा लागतो. घरातील सर्व वारसांची नावे वंशावळीत असावीत, लग्न होऊन गेलेल्या आत्यांचीही. एखादे नाव राहिले की हरकत येते आणि फेरफार अडकतो. या कामाला हंगामाची घाई नसते, पण अर्ज मातीच्या नमुन्याबरोबरच दिला तर पुढच्या खरिपापर्यंत नाव लागण्याची शक्यता वाढते.

चुना दरवर्षी टाकू नये. दोन-तीन वर्षांनी त्याच दोन भागांचे, त्याच महिन्यात पुन्हा नमुने घ्यावेत आणि दोन्ही अहवाल शेजारी ठेवून उताराचा सामू साडेपाचच्या वर गेला आहे का, ते पाहून पुढची मात्रा ठरवावी.