रिलीजची तारीख सांगताना फक्त सरासरी व्हेलॉसिटीवर जाऊ नका

उरलेले पॉइंट भागिले सरासरी व्हेलॉसिटी, हा हिशेब जवळजवळ नेहमीच लवकरची तारीख देतो. कारण बॅकलॉगमध्ये दर स्प्रिंटला नवीन काम येतच असतं.

समजा १२० पॉइंट उरलेत आणि मागच्या पाच स्प्रिंटमध्ये १८, २४, २१, १५, २२ झाले. सरासरी २०, म्हणजे सहा स्प्रिंट.

१. आता रिलीज बर्नडाउन बघा. टीमने २० पॉइंट संपवले तरी रेषा १६ नेच उतरत असेल, तर दर स्प्रिंटला ४ पॉइंटची भर पडतेय. खरा वेग १६, म्हणून आठ स्प्रिंट.

२. सर्वांत कमी तीन आकड्यांची सरासरी १८, सर्वांत जास्त तिघांची साधारण २२. दोन्हींतून ४ वजा करा: १४ आणि १८. उत्तर येतं नऊ आणि सात स्प्रिंट.

३. 'सात ते नऊ स्प्रिंट' असंच कळवा. एकच तारीख हवी असेल तर नववा स्प्रिंट सांगा. दर स्प्रिंटनंतर हिशेब पुन्हा करा.

अर्धवट स्टोरीचे पॉइंट मात्र व्हेलॉसिटीत अजिबात धरू नका. ‘नव्वद टक्के झालंय’ म्हणजे शून्य.