तक्रारीची पोच देताना कोणती वेळ सांगायची?

ऐरोली किंवा महापेच्या सपोर्ट डेस्कवर नवीन लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी टेम्पलेटची फाइल मिळते. तिच्यात बहुधा एक वाक्य असतं: ‘आपली समस्या लवकरात लवकर सोडवली जाईल.’ हे वाक्य आधी काढून टाका. ‘लवकरात लवकर’ म्हणजे ग्राहकाच्या लेखी आज आणि गोदामाच्या लेखी पुढचा आठवडा. शिवाय ‘सोडवली जाईल’ हे ठरवण्याचा अधिकार पोच लिहिणाऱ्याकडे नसतोच.

ऑनलाइन खरेदीपुरतं बोलायचं तर कायद्यानेही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत तिचं निवारण करायचं असतं. म्हणजे पोच देताना उत्तर तयार असावं अशी अपेक्षाच नाही. पण ते ४८ तास सुट्टीतही चालू राहतात, हे विसरू नका.

एक तक्रार घेऊन बघू. शुक्रवारी संध्याकाळी ६.२० ला घणसोलीहून एका बाईंचा मेल येतो. दुपारी आलेल्या फ्रिजच्या दाराला खाली डाव्या बाजूला पोचा आहे, आतला भाजीचा ट्रे फुटलाय. डिलिव्हरीवाल्याने घाईत सही घेतली. फ्रिज आजच बदलून हवा. सोबत दोन फोटो आहेत, खोक्याचा एकही नाही.

इथे नवखा माणूस दोनपैकी एक चूक करतो. ‘तुमची तक्रार नोंदवली आहे’ एवढंच कळवतो, किंवा बाई चिडल्यात म्हणून ‘२४ तासांत बदलून देऊ’ असं लिहून टाकतो. पहिल्या उत्तराने दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन येतो. दुसऱ्याने तर कंपनीच्या वतीने न झालेला निर्णय लेखी दिला जातो, आणि तो स्क्रीनशॉट पुढे प्रत्येक मेलला जोडलेला येतो.

वेळ ठरवण्याआधी उत्तर कुणाकुणाच्या हातातून येणार ते कागदावर लिहा. या तक्रारीत फोटो तुम्ही तपासणार. भिवंडीच्या गोदामातली परतीची टीम माल चढवतानाची नोंद काढणार. गाडीचा ठेकेदार डिलिव्हरीच्या वेळची नोंद देणार. बदलायचा की नुसता ट्रे आणि दार द्यायचं, हे त्यानंतर ठरणार. आता टिकेटच्या यादीत अशाच आधीच्या वीस तक्रारी उघडा आणि गोदाम व ठेकेदार या दोघांची उत्तरं यायला किती वेळ लागला ते बघा. सरासरी काढू नका, कारण सरासरी धरली तर बऱ्याच ग्राहकांच्या बाबतीत वेळ चुकणारच. वीसपैकी अठरा वेळा उत्तर किती वेळात आलं, तो आकडा धरा.

समजा तो दोन कामाचे दिवस निघाला. गोदाम संध्याकाळी सहाला बंद होतं आणि रविवारी सुट्टी असते, तर ६.२० ची तक्रार त्यांच्यापुढे शनिवारी सकाळी येणार. शनिवार एक, सोमवार दोन. उत्तर सोमवारी संध्याकाळी आलं तर ते वाचून, वरिष्ठांना विचारून लिहायला अर्धा दिवस हवा. म्हणून मंगळवार दुपारी १. गणपती विसर्जनाच्या दिवशी ठाणे-नवी मुंबईत जड वाहनांवर बंदी असते. तो दिवस मध्ये येत असेल तर एक दिवस वाढवूनच सांगा.

ग्राहकाला ‘दोन कामाचे दिवस’ असं सांगू नका. त्यात शनिवार धरायचा की नाही, यावरून नवा वाद निघतो. वार, तारीख आणि घड्याळातली वेळ द्या. पोच साधारण अशी लिहावी:

> नमस्कार मॅडम,
> आज दुपारी आलेल्या फ्रिजच्या दाराला खाली डाव्या बाजूला पोचा आहे आणि भाजीचा ट्रे फुटलेला आहे, ही तुमची तक्रार मिळाली. फ्रिज बदलून हवा, ही मागणीही नोंदवली आहे. तुमचा तक्रार क्रमांक खाली दिला आहे. नवीन वस्तू अशी हातात आली, याचं वाईट वाटतं.
> गोदामातली आणि डिलिव्हरीची नोंद आम्ही मागवली आहे. फ्रिज बदलून मिळेल की दुरुस्ती होईल, हे ती पाहिल्यावरच ठरेल, त्यामुळे आज ते सांगता येत नाही. तपास कुठवर आला हे मंगळवारी, अमुक तारखेला, दुपारी १ वाजेपर्यंत याच मेलवर कळवू.
> तोपर्यंत खोकं आणि आतलं थर्मोकोल टाकू नका. खोक्याच्या चारही बाजूंचे आणि मागच्या स्टिकरचे फोटो पाठवलेत तर तपासाला मदत होईल.

पोचा नेमका कुठे आहे ते मुद्दाम लिहिलंय. तक्रार माणसाने वाचली, हे बाईंना त्यातून कळतं. तुम्ही चुकीचं समजला असाल तर त्या लगेच दुरुस्त करतात. दिलगिरीत मात्र ‘आमच्या माणसांकडून आपटला’ असं लिहू नका. तो निष्कर्ष झाला, आणि तपास अजून व्हायचाय. खोक्याची सूचना सगळ्यात उपयोगाची असते. रविवारी खोकं भंगारात गेलं की पोचा वाटेत पडला की घरात, हे सांगणं अवघड होतं.

हीच पोच फोनवर देणं जास्त कठीण. तुम्ही मंगळवार म्हणता आणि समोरून लगेच येतं, “म्हणजे मंगळवारी नवीन येणार ना?” नुसतं “हो मॅडम, बघतो” म्हणालात तर वचन दिल्यासारखंच झालं. तिथल्या तिथे सांगा: “नाही मॅडम, मंगळवारी मी फोन करणार आहे. फ्रिजचा निर्णय तोपर्यंत झाला असेल असं आत्ता म्हणता येणार नाही.” बाई चिडतील, ते ऐकून घ्या. आणि हे वाक्य टिकेटमध्ये जसंच्या तसं नोंदवा.

आता मंगळवार. साडेअकरा वाजले, गोदामाची नोंद आली, ठेकेदार गप्प. बरेच जण इथे ‘सांगण्यासारखं काही नाही’ म्हणून मेल पाठवतच नाहीत. तुम्ही दिलेली वेळ कळवण्याची होती, ती पाळणं तुमच्या हातात आहे. एकच्या आत लिहा: गोदामातून निघताना खोकं धड होतं अशी नोंद मिळाली, डिलिव्हरीची नोंद अजून आलेली नाही, ती वरिष्ठांमार्फत मागवली आहे, पुढची माहिती गुरुवारी दुपारी १ पर्यंत देऊ. वेळ एकदा अशी वाढवता येते. दुसऱ्यांदा वाढवायची पाळी आली तर टीम लीडरला सांगून, तक्रार वरच्या पातळीवर नेल्याचं ग्राहकाला कळवूनच वाढवा.

पहिल्या उत्तराचा वेळ चांगला दिसावा म्हणून काही डेस्कवर पोच पाठवून टिकेट बंद करतात. ग्राहकाने पुन्हा लिहिलं की नवा क्रमांक पडतो आणि आधीचे फोटो जुन्यातच राहतात. टिकेट ‘पेंडिंग’ ठेवा, त्यावर मंगळवार दुपारी १२ चं रिमाइंडर लावा. त्या दिवशी तुमची सुट्टी असेल तर काय कळवायचं आणि कुणाला विचारायचं, हे दोन ओळींत लिहून त्या वेळी शिफ्टवर असणाऱ्या माणसाच्या नावावर टाका.

एका तक्रारीला मात्र हा हिशोब लागू नाही. फ्रिजला हात लावल्यावर करंट लागतो, जळका वास येतो असं कुणी लिहिलं तर मंगळवार-बुधवार मोजत बसू नका. आधी फोन करा, ओल्या हाताने शिवू नका, मेन स्विच बंद करून मगच प्लग काढा असं सांगा, तक्रार त्याच मिनिटाला टीम लीडरच्या हातात द्या, आणि पोचेचा मेल त्यानंतर लिहा.