इकोब्रिक करताय? या चुका टाळा, आणि भिंत तर बांधूच नका

इकोब्रिक म्हणजे काय हे आता बहुतेकांना माहितीये, रिकाम्या पेट बाटलीत बिस्किट-वेफर्सचे रॅपर काठीने ठासून ठासून भरायचे, झाकण लावायचं आणि तिची वीट म्हणून काहीतरी करायचं. शाळांमध्ये, सोसायट्यांमध्ये, कॉलेजच्या एनएसएस कॅम्पमध्ये याचे उपक्रम होतात आणि मग पुढे काय होतं ते कोणी बघत नाही. गच्चीवर पोतंभर बाटल्या पडलेल्या असतात, निम्म्या हाताने दाबल्या की चेपतात, चार-दोन आतून काळ्या पडलेल्या असतात.

पहिली चूक भरायच्या आधीच होते, ती म्हणजे काय भरायचं हे न ठरवणं. बघा, भंगारवाला पेटची बाटली घेतो, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या घेतो, तेलाचे कॅन घेतो, म्हणजे त्या मालाला बाजार आहे आणि तो पुढे रिसायकल होतो. ज्याला कोणी हात लावत नाही ते म्हणजे आतून चंदेरी असलेले रॅपर, शॅम्पूचे सॅशे, नमकीनची पाकिटं, ज्यात दोन-तीन वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि सुटे करता येत नाहीत. इकोब्रिक फक्त या मालासाठी आहे. दुधाच्या पिशव्या भरून केलेली इकोब्रिक म्हणजे विकला जाणारा माल विकल्या जाणाऱ्या बाटलीत कोंबून दोन्ही बाद करणं. त्याहून वाईट म्हणजे "प्रत्येक मुलाने पाच बाटल्या आणा" असं फर्मान निघतं आणि आईबाप त्यासाठी कोल्ड्रिंक विकत आणतात. घरात बाटली नसेल तर इकोब्रिक करू नका, इतकं सोपं आहे.

"कंपोस्टेबल" लिहिलेल्या पिशव्या, टेट्रापॅक, कागद, गोळ्यांच्या स्ट्रिप हेही आत नको. पहिले तीन कालांतराने कुजतात किंवा ओल धरतात आणि स्ट्रिपच्या धारदार कडा बाटलीला आतून ओरखडे पाडतात.

आता ओल. सगळ्यात जास्त बाटल्या वाया जातात त्या यामुळे. फरसाणच्या पाकिटाला आतून तेल आणि मसाला चिकटलेला असतो, तो तसाच गेला की काही आठवड्यांत बुरशी धरते, वास सुटतो, कधीकधी आत गॅस होऊन बाटली फुगते आणि झाकणापाशी मुंग्यांची रांग लागते. पाकीट कडेने कापून सपाट उघडायचं, भांडी घासल्यावर उरलेल्या साबणाच्या पाण्यात विसळायचं आणि चिमट्याने दोरीवर लटकवायचं. न कापता धुतलं तर खालच्या दोन कोपऱ्यांत पाणी राहतं आणि बाहेरून ते पार वाळल्यासारखं दिसतं, तिथेच फसायला होतं. पावसाळ्यात, त्यातून कोकणात वगैरे, भरायच्या फंदातच पडू नका, धुऊन वाळवून कापडी पिशवीत साठवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा परत तापवून मग भरा. ओल राहिलीये का हे कळायला सोपा उपाय आहे, भरलेली बाटली झाकण लावून तासभर उन्हात ठेवा, आतल्या बाजूला धुकं धरलं किंवा थेंब दिसले की समजायचं. अशी बाटली तशीच ठेवून काही उपयोग नाही, उघडा, सगळं बाहेर काढा, परत वाळवा.

यानंतरची गोष्ट म्हणजे वजन, आणि खरं सांगायचं तर सगळा खेळ इथेच आहे. "घट्ट भरली" हे हाताला पटून चालत नाही, किचनचा वजनकाटा लागतो. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात ही चळवळ वाढवणाऱ्या ग्लोबल इकोब्रिक अलायन्सने किमान घनता ठरवलीये ती दर मिलिलिटरला ०.३३ ग्रॅम, म्हणजे बाटलीच्या वजनासकट १ लिटरची बाटली कमीत कमी ३३० ग्रॅम भरली पाहिजे, अर्ध्या लिटरची १६५ आणि २ लिटरची ६६०. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचा रॅपर जेमतेम एक-दोन ग्रॅमचा असतो, त्यावरून अंदाज करा की एका बाटलीत किती माल जातो. एका संध्याकाळी दहा बाटल्या झाल्या असं कोणी सांगितलं तर त्या हलक्या आहेत हे न बघता सांगता येतं.

समजा १ लिटरची बाटली काट्यावर २४० ग्रॅम आली. वरून गच्च दिसतेय, झाकण बसतंय, मग ९० ग्रॅमची जागा गेली कुठे? बाटली आडवी धरा आणि अंगठ्याने तळापासून वर दाबत या. बहुतेक वेळा तळाचे जे पाच पाय असतात ते पोकळ निघतात, कारण तिथे आधीच कडक रॅपर टाकले जातात आणि ते कोपऱ्यात शिरतच नाहीत. दुसरी जागा खांद्याची, म्हणजे मान जिथे रुंद होते तिथली कड. तिसरं म्हणजे रॅपर चुरगळून गोळे करून टाकलेले असतात, त्या प्रत्येक गोळ्यात हवा असते आणि दाबल्यावर करकर आवाज येतो. वरचं भरून झाल्यावर तळातलं दाबून बसत नाही, कितीही ताकद लावा. त्यामुळे २४० ची बाटली ३३० करायचा खटाटोप सोडा, कात्रीने कापून माल बाहेर काढा आणि दुसऱ्या बाटलीत नीट भरा, कापलेली बाटली भंगारात जाईल.

नीट म्हणजे असं. सुरुवातीला फक्त मऊ पातळ रॅपर, ते काठीच्या टोकाने एकेका पायात दाबून बसवायचे. मग रॅपरच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून थोड्या थोड्या टाकायच्या, कडक आणि मऊ आलटून पालटून, आणि दर मुठीमागे काठी मधोमध न मारता कडेने गोल फिरवत दाबायची. काठी बाटलीपेक्षा लांब, तोंडाच्या निम्म्या जाडीची, टोक गोल घासलेली, बांबूची असेल तर उत्तम. लोखंडी सळई घेऊ नका, तळाला भोक पडतं. झाकण लावताना आतला माल वर ढकलत नसला पाहिजे, थोडी जागा सोडा, नाहीतर काही दिवसांनी झाकणाचे आटे सरकतात. उलट टोकाची चूकही होते, काही लोक इतकं ठोकतात की तळ बाहेर फुगतो आणि बाटली जमिनीवर डुलायला लागते. अशी बाटली बसायच्या कामाची राहत नाही.

बसायच्या वस्तूंपैकी छोटा मोढा हे माझ्या मते इकोब्रिकचं सगळ्यात प्रामाणिक काम. मध्ये एक, तिच्याभोवती सहा आणि त्यांच्याभोवती बारा अशा १ लिटरच्या १९ बाटल्या उभ्या ठेवल्या की साधारण ४० सेंमी रुंदीचा षटकोन होतो, उंची सव्वीस-सत्तावीस सेंमी, वजन सहा किलोच्या वर. सगळ्या बाटल्या एकाच कंपनीच्या, एकाच साइजच्या आणि सरळ अंगाच्या हव्यात. कमरेत बारीक असलेली बाटली शेजारणीला टेकतच नाही आणि उंचीत फरक असला की वरची प्लायवूडची फळी डुगडुगते. आधी पंक्चरवाल्याकडून जुन्या सायकलच्या ट्यूब आणून, त्याच्या रिंगा कापून बाटल्या आवळून बांधा आणि थोडे दिवस वापरून बघा. एखादी हलकी असेल तर ती चेपते आणि मोढा त्या बाजूला कलतो, लगेच काढून बदलता येते. मगच सिलिकॉन लावा. लाकडाचा पांढरा गोंद इथे चालत नाही, त्यातलं पाणी दोन प्लास्टिकच्या मधून बाहेर जायला वाटच नसते. सिलिकॉनचा फायदा असा की नंतर ब्लेडने कापून बाटल्या सुट्या करता येतात.

मोढा घरातच आणि गॅस, देवघर, पणत्या यांच्यापासून लांब ठेवायचा. बाटलीचं पेट प्लास्टिक साधारण ७०-८० अंशालाच मऊ पडायला लागतं आणि आतलं प्लास्टिक पेटलं तर उष्णतेच्या हिशोबाने ते जवळजवळ तेवढ्याच वजनाच्या डिझेलसारखं, वर धूर विषारी तो वेगळाच. सहा किलो डिझेल आपण हॉलमध्ये ठेवणार नाही, तर निदान याची जागा तरी विचार करून ठेवा.

आणि आता ते व्हायरल फोटो, "प्लास्टिकच्या बाटल्यांची शाळा". ग्वाटेमालात अशा शाळा खरंच झाल्यात, पण फोटोत जे दिसत नाही ते असं की तिथे भार काँक्रीटचे खांब आणि बीम घेतात. बाटल्या नुसत्या मधल्या भिंतीत, कोंबड्यांच्या जाळीत उभ्या अडकवलेल्या, आणि दोन्ही बाजूंनी गिलावा. आपल्याकडे हे बघून विटेसारखं रचायला जातात, म्हणजे बाटल्या आडव्या आणि मध्ये सिमेंटचा माल. जरा हिशोब करा. २७ सेंमी जाडीची एक चौरस मीटर भिंत म्हणजे २७० लिटर जागा. बाटल्या ९ सेंमी अंतराने लावल्या तर १२० च्या आसपास बसतात आणि जागा घेतात साधारण १२० लिटर. उरलेले दीडशे लिटर सिमेंट-वाळूचा माल! नेहमीच्या नऊ इंची विटांच्या भिंतीला एवढ्याच क्षेत्रासाठी साठ-सत्तर लिटर पुरतो. म्हणजे कचरा वाचवायला निघालो आणि सिमेंट दुपटीहून जास्त ओतलं.

बरं, ओतूनही ती धड उभी राहत नाही, कारण गुळगुळीत पेटला सिमेंट चिकटत नाही, नुसतं भोवती बसतं. उन्हात प्लास्टिक काँक्रीटच्या कितीतरी पट प्रसरण पावतं, मग बाटलीच्या आकाराच्या गोल चिरा पडतात, तिथून पाणी शिरतं आणि गिलाव्याचे पापुद्रे निघतात. सतत भार असला तर प्लास्टिक हळूहळू दबत जातं, त्यामुळे वर स्लॅब किंवा जड छप्पर ठेवायचा विषयच नको, कोयना-किल्लारी पाहिलेल्या राज्यात तर नकोच. करायचंच असेल तर बागेतला गुडघाभर उंचीचा कट्टा, चिखल-माती-भुश्श्यात बाटल्या पूर्ण गाडून आणि वर छप्पर असेल तर. माती नंतर भिजवली की बाटली अख्खी निघते, सिमेंटमधली फोडतानाच फुटते आणि रॅपर राडारोड्यात मिसळतात.

झाडांना उघड्यावर लावलेले इकोब्रिकचे कठडे हीसुद्धा अशीच फोटोपुरती गोष्ट. ऊन खाऊन बाटली पिवळट पडते, मग ठिसूळ होते, नखाने दाबली की तडकते, आणि मग जे रॅपर एका जागी बंद करायला एवढी मेहनत घेतली तेच तुकडे होऊन त्या झाडाच्या आळ्यात जातात. तुमच्या सोसायटीत असे कठडे असतील तर पिवळ्या पडलेल्या बाटल्या फुटायच्या आधी काढून घ्या आणि सुक्या कचऱ्यात वेगळ्या द्या. ज्या शहरांत रिसायकल न होणारं प्लास्टिक वेगळं काढून सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत इंधन म्हणून पाठवतात तिथे तर सुटे कोरडे रॅपर थेट तसेच दिलेले बरे, बाटलीत ठासून दिले तर तिकडे कोणालातरी ती कापत बसावी लागते.