वॉर्मअपच्या पायऱ्या मोजताना होणारी चूक

सात रस्त्याजवळच्या आमच्या खोलीवर परवा मित्राचा छोटा ट्रान्सफॉर्मर शेवटपर्यंत स्थिरावलाच नाही. लॉस सुरुवातीला नीट उतरला, मग नुसता वरखाली.

त्याच्याकडे 48,000 वाक्यं, बॅच 16, म्हणजे एका इपॉकला 3,000 बॅच. 4 इपॉकचे 12,000. हाच आकडा त्यानं शेड्युलरला दिला, आणि त्याचा दहावा हिस्सा, 1,200, वॉर्मअपला, म्हणजे लर्निंग रेट शून्यापासून हळूहळू चढवायला. पण दर 4 बॅचचे ग्रेडियंट साठवून तो ऑप्टिमायझर एकदाच हलवत होता, शेड्युलरही तेव्हाच. खऱ्या पायऱ्या 3,000च! त्यातल्या 1,200 चढण्यातच गेल्या आणि ट्रेनिंग संपताना लर्निंग रेट कमाल दराच्या 93 टक्क्यांवर होता. कोसाइनचा उतार जेमतेम सुरू झालेला. शेड्युलरला द्यायचे बरोबर आकडे, वॉर्मअपच्या आणि एकूण पायऱ्या, असे हवे होते:

```python
get_cosine_schedule_with_warmup(optimizer, 300, 3000)
```

मग वॉर्मअप काढूनच टाकावा का? नको. अ‍ॅडम प्रत्येक पॅरामीटरच्या पावलाचं माप ग्रेडियंटच्या वर्गांच्या सरासरीवरून ठरवतो. पहिल्या काही पायऱ्यांत ही सरासरी मोजक्याच बॅचवर उभी असते, म्हणून पाऊल भलतंच मोठं पडू शकतं. त्यात लेयरनॉर्म रेसिड्युअल बेरजेनंतर असेल, तर वरच्या थरांचे ग्रेडियंट सुरुवातीला मोठे असतात. लेयरनॉर्म आधी असलेलं मॉडेल कमी वॉर्मअपवरही बऱ्याचदा निभावतं.

रन सुरू करण्याआधी, ऑप्टिमायझर खरंच जितक्या वेळा हलणार तितक्याच पायऱ्यांचा लर्निंग रेटचा आलेख काढून बघा. शेवटचं टोक शून्याजवळ नसेल, तर पायऱ्यांचा हिशेब चुकलाय.